आगीत बसलेला कुत्रा, भावाचं कार्ड आणि लग्नसराईच्या ऑर्डरी

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी चाळीसगावला असते, धाकटा भाऊ जळगावात. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानांचे बोर्ड यांची डिझाइनं तो स्वतः करतो आणि छपाई बाहेरून करून घेतो. काम चांगलं आहे, हातात कला आहे.

भावंडांच्या ग्रुपवर मी त्याला क्रेडिट कार्डाच्या बिलाचं विचारलं की उत्तरात एक चित्र येतं. खोलीला चारी बाजूंनी आग लागलीय, छताला धूर भरलाय आणि मधोमध टोपी घातलेला एक कुत्रा खुर्चीत शांत बसलाय. समोर टेबलावर मग आहे आणि तो म्हणतोय, 'धिस इज फाइन'. मामांनी त्यांच्या मुलीच्या पत्रिकेचा प्रूफ कधी मिळेल विचारलं, तर त्यांनाही तेच चित्र. आईला वाटतं पोरगा मजेत आहे. मला तसं वाटत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे चित्र मुळात कशातलं आहे आणि माणसं ते कधी पाठवतात? आणि दुसरं, त्याच्या कार्डावर 80,000 रुपये बाकी आहेत, तो महिन्याला 4,000 भरतो आणि म्हणतो, "मिनिमम भरतोय ताई, सगळं चालू आहे." हे खरंच चालू आहे का?

अमळनेरकर

ताई, ते मीम आहे. 2016 च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत निघालं. तिकडच्या एका पक्षाने दुसऱ्या पक्षाची टर उडवायला ते बनवलं आणि मग जगभर पसरलं. पोरं उगाच पाठवतात, मनावर घेऊ नका.

कार्डाचं म्हणाल तर 80,000 चे 5 टक्के म्हणजे 4,000. वीस महिन्यांत फिटेल. नियमित भरतोय ना, मग झालं.

चौकटीबाहेर

अमळनेरकर, 2016 चा संबंध आहे, पण जन्म तेव्हाचा नाही. के. सी. ग्रीन नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या 'गनशो' या वेबकॉमिकमधली ती पट्टी आहे, 9 जानेवारी 2013 ची. 2016 च्या जुलैमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन चालू असताना रिपब्लिकन पक्षाच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून ते चित्र टाकलं गेलं. खुद्द ग्रीनला ते आवडलं नव्हतं.

गिरणाकाठ ताई, तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. मूळ पट्टी सहा चौकटींची आहे. आपल्या फोनवर फिरतात त्या फक्त पहिल्या दोन. पुढच्या चौकटींत कुत्रा स्वतःला समजावत राहतो की जे चाललंय ते मला मान्य आहे. तो कॉफीचा घोट घेतो, त्याच्या हाताला आग लागते, तरी तो म्हणतो की सगळं ठीक होणार आहे. शेवटच्या चौकटीत त्याचा चेहरा वितळतो. पहिल्या दोनच पाहिल्या तर तो धीराचा वाटतो. सहाही पाहिल्या तर तो हललाच नाही, हे दिसतं.

ग्रीनने मुलाखतींत सांगितलंय की त्या काळात तो नैराश्यावरची औषधं घेत होता आणि त्यांचा मेळ बसवण्याशी झगडत होता. म्हणजे चित्रात राजकारण नंतर शिरलं. आधी ते एका माणसाच्या मनातलं होतं.

भरीतपार्टी

पण ताई, प्रत्येक वेळी त्यात दुखणं शोधू नका. मी दाल मिलमध्ये हिशेब बघतो. दर महिन्याची 20 तारीख जवळ आली, जीएसटीचं 3-बी भरायचं असलं आणि पोर्टल अडकलं की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर हाच कुत्रा येतो. पाठवणारा त्या वेळी कीबोर्डवरच असतो. रात्री दहापर्यंत थांबून रिटर्न भरतो. आम्हाला त्याने हलकं वाटतं, काम पुढे सरकतं. आमच्या साहेबांनाही आता कळतं की कुत्रा आला म्हणजे चहा सांगायचा.

चौकटीबाहेर

तुमचं पटतं. तुमच्याकडे चित्र पाठवणाऱ्याच्या पुढ्यात 20 तारीख आहे, पोर्टल आहे आणि सगळ्यांना एकच आग दिसतेय. तिथे तो कुत्रा म्हणजे आपसातली हाक आहे. ताईंच्या भावाच्या बाबतीत आग कुणालाच दिसत नाही. आकडा त्याच्यापाशी, तारीख त्याच्यापाशी, बाकीच्यांना फक्त चित्र. मला फरक तिथे वाटतो.

केळीबाग_रावेर

आमना गावमा बी हेच शे भो. पोरगा फोनमा हाउ कुत्रा दाखाडस.

आता नीट लिहितो. माझं पीककर्ज आहे. मार्चअखेर आली की सोसायटीचा सचिव फोन करतो, नवं-जुनं करून घ्या. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आणि राज्याची सवलत धरून व्याज शून्यावर येतं, म्हणून ती तारीख चुकवायची नसते. पण केळीचा पैसा मार्चमध्ये हातात असेलच असं नाही. मग बाहेरून शेकडा दोनने चार दिवसांसाठी उचलायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज मंजूर झालं की त्यातून परत करायचे. कागदावर मी दरवर्षी वेळेत फेडणारा शेतकरी. खरं तर मुद्दल तेच आहे, वर्षानुवर्षं. हे 'धिस इज फाइन'च ना? यावर इथे कुणी काही सांगेल का?

हिशेबनीस

दादा, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि मोठा आहे. इथे एवढंच सांगतो की नवं-जुनं करण्यातला खरा धोका त्या चार दिवसांत आहे. जुनं भरलं आणि नवं मंजूर व्हायला महिना लागला, तर शेकडा दोनचं मीटर चालू राहतं. भरण्याआधी नव्या मंजुरीचं नक्की करून घ्या. बाकीच्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

आता ताईंचा मुद्दा. अमळनेरकरांनी वीस महिने काढले ते 4,000 पूर्ण मुद्दलात जातात असं धरून. तसं होत नाही. ताई, स्टेटमेंटवर व्याजाचा दर काय लिहिलाय?

गिरणाकाठ

त्याने फोटो पाठवला. महिन्याला 3.5 टक्के.

हिशेबनीस

मग कागद घ्या. 80,000 वर 3.5 टक्के म्हणजे महिन्याचं व्याज 2,800. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 504 रुपये. झाले 3,304. भावाने भरले 4,000. त्यातून 3,304 वजा केले की मुद्दलातून गेले फक्त 696 रुपये. पुढच्या महिन्याची सुरुवात 79,304 ने.

असंच दरमहा बरोबर 4,000 भरत राहिला आणि कार्डावर एक रुपयाही नवा खर्च केला नाही, तरी फिटायला साधारण 43 महिने लागतात. सगळे मिळून 1,73,000 च्या आसपास जातात. आणि मिनिममचा आकडा प्रत्येक बँकेचा वेगळ्या सूत्राने येतो. बाकी कमी झाली की तोही कमी होतो. तो लिहून येतो तेवढंच भरत गेलं तर मुदत आणखी लांबते.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर नव्या खरेदीवर ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पेट्रोल टाकलं, फ्लेक्सचं मटेरियल घेतलं, त्या दिवसापासून व्याज सुरू. तुमच्या भावाने महिन्यात 696 पेक्षा जास्त स्वाइप केलं की बाकी वाढलीच.

ओळखायचं कसं ते सोपं आहे. सहा महिन्यांपूर्वीचं स्टेटमेंट आणि आत्ताचं शेजारी ठेवा आणि फक्त एकूण देय रक्कम बघा. कमी झाली असेल तर किती, ते कळेल. वाढली असेल तर 4,000 भरणं ही फक्त कार्ड चालू ठेवण्याची फी आहे.

अमळनेरकर

हे माहीत नव्हतं. पण मिनिमम भरलं तर सिबिल तरी नीट राहतं ना?

हिशेबनीस

मिनिमम वेळेत भरलं तर थकबाकीदार म्हणून नोंद होत नाही, हे बरोबर. एखाद्या वेळी तारीख हुकली तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीन दिवस उलटल्याशिवाय थकबाकीची नोंद करता येत नाही आणि दंडही लावता येत नाही. म्हणून तारखेच्या दुसऱ्या दिवशी आठवलं तर घाबरून सोडून द्यायचं नाही, लगेच भरायचं. पण लिमिटच्या जवळ बाकी सतत टेकलेली दिसली तर नवं कर्ज देणारा तिकडेही बघतो.

तापीचा_वारा

मी भुसावळची. लग्नसराईत तीन डिझायनर मुलांकडून काम करून घेते, म्हणून डेडलाइनबद्दल बोलते. पैशाचं तुम्ही बघा.

पत्रिकेच्या कामात उशीर एका जागी होत नाही. मजकूर गिऱ्हाईक देतं, तो चुलत्याला दाखवतात, मानपानाची नावं बदलतात, मुहूर्ताची वेळ बदलते. तिसऱ्या प्रूफपर्यंत छपाईवाल्याची तारीख निघून जाते. डिझायनर बिचारा वाट बघत बसतो, आणि वाट बघण्याचे दिवस त्याच्या नावावर उशीर म्हणून लागतात. मग कुणी विचारलं 'कधी देतोस?' की त्याच्याकडे खरं उत्तर नसतं. स्टिकर पाठवणं सोपं पडतं, कारण स्टिकरमध्ये तारीख नसते.

मी आमच्याकडे 'कधी' विचारणं बंद केलंय. 'आज कुणाकडे अडकलंय?' असं विचारते. याला कुत्रा पाठवून चालत नाही. "मामांकडे मजकूर अडकलाय" किंवा "माझ्याकडेच आहे, सुरूच केलं नाही" यांतलं एक लिहावंच लागतं. दुसरं उत्तर आलं तरी मी ओरडत नाही. उत्तर आलं हेच पुष्कळ असतं. मजकूर पक्का झाल्याची सही मिळाल्यावर किती दिवसांत छापून मिळेल, एवढंच आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. त्याआधी तारीख देतच नाही.

ताई, तुमच्या भावाचं आगाऊ पैशांचं काय आहे? ऑर्डरीच्या वेळी किती घेतो?

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. रात्री त्याच्याशी बोलले. ग्रुपवर नाही, फोनवर. तापीताईंचं वाचून मी विचारलं, "पैसे कुणाकडे अडकलेत ते सांग." थोडा वेळ गप्प राहिला, मग वही काढली.

अर्धे पैसे आगाऊ घेतो आणि ते छपाईत जातात. उरलेले अर्धे पत्रिका हातात दिल्यावर यायला हवेत. तिथे ओळखीचीच माणसं, 'लग्न होऊ दे, मग देतो' म्हणतात. अशी 35,000 ची उधारी त्याच्या वहीत आहे. पुढच्या ऑर्डरीच्या छपाईला पैसे कमी पडले की कार्ड. म्हणजे कार्डावरचं कर्ज त्याचं एकट्याचं नाही, त्यात आमच्याच नातेवाइकांची लग्नं आहेत. मामांची मोठी मुलगी धरून. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. मामा ग्रुपवर प्रूफ मागत होते आणि आधीच्या पत्रिकेचे पैसे त्यांच्याकडूनच यायचे होते. तो तिथे काय लिहिणार होता?

सहा महिन्यांपूर्वीच्या स्टेटमेंटवर बाकी 71,000 होती.

भरीतपार्टी

म्हणजे दर महिन्याला भरूनही 9,000 ने वाढली. मी आधी जे लिहिलं ते आमच्या ऑफिसपुरतं खरं आहे. इथलं वेगळं दिसतंय.

हिशेबनीस

आता पुढचं. बँकेला फोन करून किंवा अॅपवरून पूर्ण बाकीचा हप्ता बांधून मागावा. दर बँकेप्रमाणे बदलतो. उदाहरणासाठी वर्षाला 18 टक्के धरला आणि 24 महिने घेतले तर हप्ता 3,994 येतो. म्हणजे आत्ता भरतोय तेवढाच. व्याजावर जीएसटी इथेही लागतो, म्हणून सुरुवातीचे हप्ते दोनशे रुपयांनी वर जातील, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. तरी सगळं मिळून लाखाच्या आत बसतं. एकीकडे 43 महिने आणि 1,73,000, दुसरीकडे 24 महिने आणि साधारण 99,000. खिशातून दरमहा जाणारी रक्कम जवळपास सारखीच.

दोन अटी आहेत. हप्ता बांधायचा तर खातं थकलेलं नसताना मागायचं. एकदा मिनिममही चुकायला लागलं की हा पर्याय बरेचदा दिसेनासा होतो आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. तुमचा भाऊ मिनिमम भरत आलाय, त्याचा उपयोग इथे आहे. दुसरी अट म्हणजे हप्ते चालू असताना त्या कार्डावर छपाई टाकायची नाही. नाहीतर हप्ता अधिक नवी बाकी असं दुहेरी होतं. ते कार्ड पाकिटातून काढून घरी ठेवू दे.

केळीबाग_रावेर

सोनंतारण का नाही करत? जळगावात राहून एवढं व्याज कशाला? आईच्या बांगड्या बँकेत ठेवल्या तर निम्म्या दराने पैसे मिळतील.

तापीचा_वारा

दादा, दर कमी आहे हे खरं. पण आईच्या बांगड्या ठेवायच्या तर आईला सगळं सांगावं लागेल, आणि ते मुलाने सांगायला हवं, बहिणीने नव्हे. शिवाय उधारीचा प्रश्न तसाच राहिला तर पुढच्या लग्नसराईत बांगड्याही बँकेत आणि कार्डही भरलेलं, असं होईल. माझं मत आधी हप्ता आणि उधारी वसूल.

हिशेबनीस

मी इथे केळीबाग दादांच्या बाजूने आहे. व्याजाचा हिशेब केला तर सोनंतारण स्वस्त पडतं. मुदतीत सोडवण्याची शिस्त असली तर त्यात कमीपणा नाही, खान्देशात अर्धी शेती त्यावर उभी राहते. पण घरचं कसं बोलायचं ते घरच्यांनाच कळणार.

चौकटीबाहेर

ताई, एक विचारू का? त्याची झोप, जेवण कसं आहे? मी सुरुवातीला ग्रीनच्या औषधांचं लिहिलं ते उगाच माहिती म्हणून नव्हतं. पैशाच्या ताणात माणूस बाहेरून अगदी शांत दिसू शकतो. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलता येतं.

आणि त्या कुत्र्याची पुढची गोष्ट भावाला जरूर दाखवा. 2016 च्या ऑगस्टमध्ये ग्रीनने 'द निब'साठी नवी पट्टी काढली, नाव 'धिस इज नॉट फाइन'. त्यात तोच कुत्रा दचकून उठतो, आग विझवायचं नळकांडं घेतो आणि आग विझवतो. खोली जळून काळी झालेली आहे. तो स्वतःवर चिडून ओरडतो की हे इतके दिवस चालू द्यायचं, इतकं वाढू द्यायचं काही कारणच नव्हतं. चित्रकाराला स्वतःला ते शांत बसणं पुरेसं वाटेनासं झालं होतं. ही पट्टी पहिलीइतकी फिरली नाही.

गिरणाकाठ

झोपतो उशिरा, पण ते काम असल्यामुळे की काळजीमुळे, सांगता येत नाही. रविवारी कळण्याची भाकरी आणि भरीत करून बोलावलंय घरी, तेव्हा समोर बसून बघते. नंबर लिहून ठेवला आहे.

मामांशी मी बोलले. त्यांना आधीच्या पत्रिकेचे पैसे द्यायचे राहिलेत हे आठवतच नव्हतं, खरोखर. लगेच पाठवले. धाकटीच्या पत्रिकेचा मजकूर आत्यांकडे अडकलाय, हेही त्यांनीच सांगितलं.

भावाने अॅपवर हप्त्याचा पर्याय उघडला. 80,000 पैकी 62,000 चाच हप्ता बांधता येईल असं दाखवतंय. उरलेल्या 18,000 चं काय करायचं? आणि दर वर्षाला 16 टक्के दाखवतंय, तो कमी होणारा की सपाट, हे कुठे बघायचं?

हिशेबनीस

उरलेले 18,000 आलेल्या उधारीतून पुढच्या तारखेआधी पूर्ण भरा, थोडे थोडे नको. नाहीतर त्यांच्यावर 3.5 टक्के चालूच राहील आणि नव्या खर्चाची सवलतही परत येणार नाही. मामांचे पैसे आले ते सरळ तिकडेच टाका.

दराचं असं करा. 62,000, 24 महिने, 16 टक्के. दर कमी होणाऱ्या बाकीवर असेल तर हप्ता 3,036 च्या आसपास दिसेल. 3,400 च्या वर दिसला तर तो सपाट आहे, मग 'होय' दाबू नका. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडलं तर लागणारा आकार त्याच पानावर खाली बारीक अक्षरात असतो. त्याचा स्क्रीनशॉट इथे टाका, नाव आणि कार्ड नंबर झाकून.

केळीबाग_रावेर

हिशेबनीस भाऊ, मी वेगळा धागा काढला. मार्चआधी बघा.